वजन तेच, पण मांड्या उतरल्या

"साठीनंतरही वजन तरुणपणीइतकंच असेल तर निश्चिंत राहा, आत सगळं ठीक आहे. वजन थोडं जास्त वाटलं तर रात्रीचं जेवण बंद करा, आपोआप उतरेल. व्यायाम म्हणून रोज चालणं पुरे, या वयात वजनं उचलायला जाऊ नका, दुखापत होईल. आणि पायातली ताकद कमी होणं हे वयाचं आहे, त्याला इलाज नसतो."

हा मजकूर गेल्या काही महिन्यांत मला तिघांनी पाठवला. त्यातली एक माझी आत्या. वय ७२. सोबत तिने लिहिलं होतं, "बघ, माझं वजन चाळिशीपासून ६६ च आहे." मी फिजिओथेरपिस्ट आहे, वयस्कर माणसांबरोबरच माझा दिवस जातो, आणि आत्याचं खुर्चीतून उठणं मी दोन वर्षं बघत होते. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर लिहिते आहे.

पहिलं वाक्य: निश्चिंत राहा

वजनकाटा फक्त बेरीज सांगतो. हाडं, स्नायू, चरबी, पाणी, सगळ्यांचा मिळून एक आकडा. त्यातलं एक घटलं आणि दुसरं तेवढंच वाढलं तर काट्याला त्याचा पत्ता लागत नाही. वय वाढताना अनेकांच्या शरीरात नेमकं हेच चाललेलं असतं.

हिशेब मांडून पाहा. समजा एका बाईंचं वजन पन्नाशीत ६२ किलो होतं आणि त्यात ३२ टक्के चरबी होती. म्हणजे चरबी साधारण २० किलो आणि बाकीचं सगळं मिळून ४२ किलो. सत्तरीतही वजन ६२ च, पण चरबी ४२ टक्के. आता चरबी २६ किलो आणि बाकीचं ३६. वीस वर्षांत सहा किलो चरबी आली आणि सहा किलो दुसरं काहीतरी गेलं. त्या दुसऱ्यात सगळ्यात मोठा वाटा स्नायूंचा. दर वाढदिवसाला या बाई काट्यावर उभ्या राहिल्या असत्या तरी त्यांना एकदाही शंका आली नसती. फार तर कपडे कमरेला घट्ट आणि मांडीला सैल होतायत एवढं जाणवलं असतं.

वयाबरोबर स्नायू घटण्याला 'सार्कोपेनिया' हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ च्या सुमारास दिलं. ही घट आणि वाढलेली चरबी एकाच शरीरात असली की तिला सार्कोपेनिक ओबेसिटी म्हणतात. या दोन गोष्टी योगायोगाने शेजारी आलेल्या नसतात, त्या एकमेकींना खतपाणी घालतात. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या चेतापेशी वयाबरोबर कमी होत जातात. एक पेशी गेली की तिच्या ताब्यातले तंतू पोरके होतात. काहींना शेजारची पेशी सांभाळून घेते, उरलेले झिजतात. जास्त फटका बसतो तो जलद तंतूंना, म्हणजे अडखळल्यावर पाय झटकन पुढे टाकणाऱ्या आणि खुर्चीतून वर ढकलणाऱ्या तंतूंना. उठणं-चालणं जड झालं की हालचाल कमी होते आणि चरबी वाढते. ती फक्त पोटावर साठत नाही, स्नायूंच्या तंतूंमध्येही शिरते. शिवाय पोटातली चरबी सतत मंद दाह पेटता ठेवणारी रसायनं सोडते, त्याने स्नायूंची बांधणी आणखी मंदावते. आणि जेवणानंतर रक्तात येणारी साखर सामावून घेणारा शरीरातला सगळ्यात मोठा साठा स्नायूंचाच असतो. तो आक्रसला की साखरेचं गणितही बिघडायला लागतं.

आकारापेक्षा ताकद आधी जाते, हे मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत सत्तरीतल्या माणसांची तीन वर्षांच्या अंतराने तपासणी केलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पायांचे स्नायू वर्षाला साधारण एक टक्का घटत होते, ताकद मात्र त्याच्या सुमारे तिप्पट वेगाने. ज्यांचे स्नायू टिकले किंवा थोडे वाढले, त्यांचीही ताकद कमी झालेली होती. म्हणून माझ्यासमोर कुणी वजनाचा आकडा ठेवला की मी आधी खुर्ची मागते.

आत्याकडेही तेच केलं. हात नसलेली, बसल्यावर पावलं जमिनीला नीट टेकतील अशी, साधारण ४५ सेंटीमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. हाताची घडी छातीवर, पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि पूर्ण बसायचं, जमेल तितक्या लवकर. मी फोनवर स्टॉपवॉच लावलं.

पहिल्यांदा ती उठली. दुसऱ्या वेळी तिने आधी पाठ मागे टाकली आणि झोका घेतल्यासारखी पुढे आली. तिसऱ्या वेळी हाताची घडी आपोआप सुटली, तळहात मांडीवर गेला. मी थांबवलं, पाच मिनिटं बसू दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितलं. या खेपेला हात सुटले नाहीत, पण चौथ्या वेळी ती अर्धवट वर येऊन परत बसली आणि दुसऱ्या प्रयत्नात उभी राहिली.

"अगं, गुडघ्याचं आहे ते," ती म्हणाली.

"उठताना दुखला का गुडघा?"

ती क्षणभर थांबली. "दुखला नाही. पण वरच होता येईना."

१९ सेकंद लागले. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पुढची तपासणी करायची असते, युरोपीय गट १५ च्या पुढे धोका मानतो. दोन्ही मापांनी आत्या पलीकडे होती. गुडघ्याचं दुखणं आणि स्नायूंचा अशक्तपणा यांची गल्लत घरोघरी होते, म्हणून तो प्रश्न विचारायचा. दुखल्यामुळे माणूस थांबला तर ती चाचणी स्नायूंबद्दल फारसं सांगत नाही. दुखत नसताना उठता येत नसेल तर सांगते.

मग उंची मोजली. जुन्या कागदावर १५६ सेंटीमीटर होती, आता १५२ भरली. मणक्यांमधल्या चकत्या बसतात, मणके खचतात, त्यामुळे म्हातारपणी उंची घटते, आणि घरात कुणाच्या ते लक्षात येत नाही. जुनी उंची धरली तर तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २७, आजची धरली तर साडेअठ्ठावीस. वजन तेच, माणूस तोच, आणि आकड्यात दीडाचा फरक. या वयात बीएमआयवर भिस्त ठेवू नये याचं हे एक कारण. दुसरं मोठं कारण म्हणजे बीएमआयलाही चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही.

पोटरीचा घेर मोजणं हा सोपा मार्ग आहे. आशियाई निकषांत स्त्रियांसाठी ३३ आणि पुरुषांसाठी ३४ सेंटीमीटरखाली घेर गेला तर शंका घ्यायची. आत्याची पोटरी साडेचौतीस भरली, म्हणजे ती उत्तीर्ण. पण कातडीखालच्या चरबीनेही पोटरी जाड दिसते. त्यासाठी संशोधकांनी एक दुरुस्ती सुचवली आहे: बीएमआय २५ ते ३० च्या मधे असेल तर मापातून ३ सेंटीमीटर वजा करायचे, ३० ते ४० असेल तर ७. आत्याची पोटरी झाली साडेएकतीस. पायावर सूज असेल तर मात्र हे माप निरुपयोगी. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून काढल्यावर खड्डा राहिला तर टेप बाजूला ठेवायची आणि आधी सुजेचं कारण डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं.

शेवटी तिचा डेक्सा स्कॅन झाला. हाडांची घनता मोजायला जो वापरतात तोच, संपूर्ण शरीराचा केला की चरबी आणि स्नायूही वेगवेगळे मिळतात. चरबी ४५ टक्के निघाली. हातापायांतले स्नायू १२.६ किलो. आता इथे एक खाच आहे, आणि तिच्यात जाणकारही अडकतात. जुन्या पद्धतीने स्नायूंच्या या किलोंना उंचीच्या वर्गाने भागतात. आत्याचं उत्तर ५.४५ आलं, आशियाई स्त्रियांसाठीची सीमा ५.४. म्हणजे रिपोर्टवर 'स्नायू पुरेसे'. पण त्या स्नायूंना ओझं कुणाचं उचलायचं आहे? सगळ्या ६६ किलोंचं. म्हणून युरोपातल्या पोषणशास्त्र आणि लठ्ठपणा या विषयांवरच्या दोन संस्थांनी २०२२ मध्ये मिळून जी पद्धत ठरवली, तिच्यात आधी ताकद तपासायची आणि मग हे स्नायू एकूण वजनाच्या किती टक्के आहेत ते बघायचं असं सांगितलं आहे. आत्याचे १९.१ टक्के निघाले. स्त्रियांसाठी वापरल्या जाणाऱ्या सीमांपैकी एक आहे सुमारे १९.४. जाड माणसाचे स्नायू उंचीच्या मानाने पुरेसे आणि वजनाच्या मानाने अपुरे असू शकतात, हे त्या पहिल्या भागाकारात बुडून जातं.

घरी वापरायला चरबीची टक्केवारी दाखवणारे जे काटे मिळतात, ते शरीरातून बारीक वीजप्रवाह सोडून पाण्याचा अंदाज घेतात आणि त्यावरून बाकीचं ठरवतात. पाणी कमी प्यालं, पायावर सूज आली, पाणी काढणारी गोळी घेतली, की आकडा हलतो. एकाच काट्यावर, एकाच वेळी, महिनोन् महिने मोजलं तर दिशा कळते. एका दिवसाच्या आकड्यावरून निदान करू नये.

दुसरं वाक्य: रात्रीचं जेवण बंद करा

या सल्ल्याचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं, कारण तो अमलात आणायला सोपा आहे आणि काटा लगेच शाबासकी देतो.

नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर जे उतरतं त्यातला साधारण चौथा हिस्सा चरबी नसते. तरुण माणूस तो भरून काढतो. वयस्कर माणसाचं तसं नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या ज्या स्त्रियांनी वजन उतरवलं आणि ज्यांचं नंतर परत वाढलं, त्यांच्यावरचा एक अभ्यास २०११ मध्ये आला. उतरताना दर किलो चरबीमागे २६० ग्रॅम चरबीविरहित वजन गेलं होतं. परत वाढताना मात्र दर किलो चरबीमागे १२० ग्रॅमच परत आलं.

हे आत्याच्या बाबतीत लावून पाहू, कारण तिने दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं. चार महिने रात्री काही खाल्लं नाही, ६६ चे ६१ झाले, सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या वर्षभरात वजन पुन्हा ६६ वर आलं. वरचं प्रमाण धरलं तर गेलेल्या पाच किलोंत जवळपास चार किलो चरबी आणि एक किलो बाकीचं. परत आलेल्या पाच किलोंत साडेचार किलो चरबी आणि अर्धा किलो बाकीचं. काटा जिथे होता तिथे, पण अर्धा किलो चरबी वाढली आणि अर्धा किलो स्नायू-बिस्नायू कायमचे गेले. हा अंदाज आहे, तिची तेव्हा मोजणी झाली नव्हती. पण खुर्चीतून उठायला त्रास व्हायला लागला तो नेमका त्यानंतर, हे ती स्वतःच मला म्हणाली.

रात्रीच्या जेवणाबाबत आणखी एक गोष्ट. वयस्कर स्नायूंना प्रथिनांचा इशारा नीट ऐकू येत नाही. तरुणाच्या स्नायूंची बांधणी जेवढ्या प्रथिनांनी सुरू होते तेवढ्याने म्हाताऱ्या स्नायूंची होत नाही, एका वेळी जास्त लागतात. म्हणून निरोगी वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात. आत्याला ६६ ते ७९ ग्रॅम. तीन जेवणांत वाटली तर प्रत्येक वेळी २५ ग्रॅमच्या आसपास. एक जेवण उडवलं तर हा हिशेब जुळवणं फार अवघड जातं, कारण उरलेल्या दोन जेवणांत तेवढं खाण्याची भूक त्या वयात नसते. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर हे प्रमाण लागू नाही, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यावं.

वजन कमीच करू नये असं मी म्हणत नाही. गुडघे झिजलेले असतील, साखर आटोक्यात नसेल, तर चरबी उतरण्याचा फायदा होतो. डेनिस व्हिलारियल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १०७ लठ्ठ वयस्कर माणसांवरचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध केला. फक्त आहार कमी करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन ५ टक्के घटलं, आहाराबरोबर व्यायामही करणाऱ्यांचं ३ टक्के. दोन्ही गटांचं वजन मात्र जवळपास सारखंच उतरलं होतं, एकाचं १० टक्के, दुसऱ्याचं ९. काट्यावर दोघे बरोबरीत. रोजची कामं करण्याच्या चाचणीत मात्र एकत्र करणारे २१ टक्क्यांनी सुधारले, फक्त आहारवाले १२ टक्क्यांनी.

आणि प्रयत्न न करताच सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल तर आनंद मानू नका, डॉक्टरांकडे जा.

तिसरं वाक्य: चालणं पुरे

चालणं चांगलंच आहे, हृदयाला आणि दमाला. पण सपाट रस्त्यावरच्या चालण्यात मांडीच्या स्नायूंना त्यांच्या पूर्ण ताकदीचा फार थोडा भाग लावावा लागतो. जे जलद तंतू झिजतायत त्यांना जाग येते ती जड काम करायला लागल्यावरच.

त्याच व्हिलारियल यांनी २०१७ मध्ये १६० वयस्कर लठ्ठ माणसांचा दुसरा प्रयोग छापला. आहार कमी करताना एका गटाने चालण्यासारखा दमाचा व्यायाम केला, दुसऱ्याने वजनांचा, तिसऱ्याने दोन्ही. सहा महिन्यांनी दमाच्या व्यायामवाल्यांचं चरबीविरहित वजन ५ टक्के गेलं होतं, वजनं उचलणाऱ्यांचं २ टक्के, दोन्ही करणाऱ्यांचं ३. कामाच्या चाचणीत दोन्ही करणारे पुढे होते. म्हणून चालणं सोडायचं नाही, त्याच्या जोडीला वजन आणायचं.

दुखापतीची भीती खोटी नाही, पण दुखापत होते ती वजन वाढवत नेण्याच्या घाईतून, वजनातून नव्हे. आत्याचं असं सुरू झालं: खुर्चीवर घट्ट उशी ठेवून ती उंच केली, म्हणजे उठणं सोपं. आठ वेळा उठणं-बसणं, दोन मिनिटं विश्रांती, परत आठ, असे तीन फेरे, एक दिवसाआड. बसताना तीन मोजत हळू बसायचं, धपकन नाही. त्यात भिंतीला रेटणं आणि रबरी पट्टा ओढणं, हातांसाठी. शेवटच्या दोन खेपा जड वाटल्या पाहिजेत, आणखी दोनेक जमल्या असत्या इतपत. बारा सहज जमायला लागल्या की काम जड करायचं: उशी पातळ, मग उशी नाही, मग हातात वजन. हे पुढे सरकवणंच बहुतेक जण विसरतात. वर्षभर त्याच उंचीवरून त्याच दहा खेपा केल्या की स्नायूंना नवीन काही करायचं कारण उरत नाही.

उठताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही, रक्तदाब एकदम चढतो. छातीत दुखत असेल, रक्तदाब आवाक्याबाहेर असेल, नुकतं हाड मोडलं असेल किंवा ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांची परवानगी. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ठीक. सांधा सुजला तर गेल्या वेळी जास्त झालं, एक पायरी मागे यायचं.

चौथं वाक्य: इलाज नसतो

याला थोडक्यात उत्तर आहे. १९९० मध्ये मारिया फियातारोने यांनी आणि सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे जड वजनांचा पायांचा व्यायाम दिला, ज्याला जेवढं एकदा उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ मध्ये शंभर जणांवर, सरासरी वय ८७, पुन्हा करून पाहिलं. तिथे काहींना फक्त पोषक पेय दिलं होतं. व्यायामाशिवाय त्या पेयाने अशक्तपणा कमी झाला नाही. प्रथिनांचे डबे विकत आणून कपाटात ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

वय कारण आहेच, पण झिजेचा मोठा हिस्सा पडून राहण्याचा असतो. निरोगी वयस्करांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो चरबीविरहित वजन गेलं, असं २००७ मध्ये एका प्रयोगात मोजलं गेलं. तापातून किंवा ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाला महिनाभर 'आराम कर' म्हणून झोपवून ठेवण्याची किंमत यावरून काढता येईल.

आत्याला आता पाच महिने झाले. रात्रीचं जेवण परत सुरू आहे, वजन ६५. काट्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. कमरेचा घेर तीन सेंटीमीटरने कमी झाला. खुर्चीची वेळ १९ वरून १२.६ सेकंदांवर आली, अजून १२ च्या आत नाही, म्हणून तिला ते बोचतं. तिसऱ्या महिन्यात तिने स्वतःच उशी काढून पलंगावर फेकली, आणि सध्या दोन्ही हातांत एकेक किलोचं वजन धरून ती उठते. पुढची मोजणी १५ तारखेला आहे.